फोटोतल्या वाफ्यावर पट्टी लावू नका

आलेखाच्या कागदावर काढलेल्या वाफ्याचा फोटो तिरका आला की लांबचे चौकोन बारीक दिसतात, म्हणून कागदावरचे मोठे चौकोनच मोजा. रेघा मोजल्या तर एक जास्त भरते. आमच्या परसातला वाफा 8 बाय 16 चौकोनांचा. एक चौकोन 15 सेंमी धरला, म्हणजे 1.2 बाय 2.4 मीटर.

वांग्याच्या दोन रोपांत आणि दोन ओळींत 60 सेंमी अंतर, म्हणजे चार चौकोन. पहिलं रोप कडेपासून दोन चौकोन आत. दोन ओळी, प्रत्येकीत चार: आठ रोपं. कडेलाच सुरुवात केली तर पंधरा बसतात, पण निम्मी पानं वाटेवर!

माती 25 सेंमी खोल: 1.2 × 2.4 × 0.25 = 0.72 घनमीटर, म्हणजे दहा लिटरच्या 72 बादल्या. पाणी पडल्यावर माती खचते. दहा बादल्या जास्त आणा.