स्लीपरचा नंबर नका सांगू, पाय मोजा : या चुका टाळा

चपलांच्या दुकानात बसून बरीच वर्षं झाली. "आठ नंबर द्या" हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकतो. आठ नंबर बुटाचा असतो. स्लीपरच्या पाठीवर बऱ्याचदा '७-८' किंवा '३९-४०' असे दोन नंबर एकत्र असतात. सोलच्या प्रत्येक नंबराला वेगळा साचा लागतो आणि तो महाग असतो. स्लीपरला पुढे टोपी नाही, मागे भिंत नाही, म्हणून पाय थोडा मागेपुढे झाला तरी चालेल, असं कारखान्याचं गणित. आपल्याकडच्या नंबरात एकेक पायरी साधारण साडेआठ मिलिमीटरची, म्हणजे '७-८' मध्ये सातचे आणि आठचे अशा दोन्ही पायऱ्यांचे पाय धरून १७ मिलिमीटरचा फरक मावतो. तेवढ्यात टाच हवेत राहू शकते.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे: फक्त पायाची लांबी बघणं. अंगठ्याच्या चपलेत पाय कुठे बसणार हे बोटांच्या बेचक्यातला पट्टा ठरवतो. मागच्या पावसाळ्यात शेजारचे काका आले. पाय २६ सेंटीमीटर, स्लीपरचा सोल २६.८. आठ मिलिमीटर जास्त, म्हणून मी निश्चिंतपणे दिली. महिन्याने परत आले. "अरे, टाचेला कड रुतते." उभं करून पाहिलं, तर टाच अर्धा सेंटीमीटर बाहेर आणि अंगठ्यापुढे सव्वा सेंटीमीटर रबर रिकामं! काकांचा अंगठा आखूड, बेचक्यापासून ४.७ सेंटीमीटर. सोलचं भोक मात्र पुढच्या टोकापासून ६ वर. मागे उरले २०.८ आणि काकांना हवे होते २१.३. एक नंबर मोठा घेतला, भोकामागे २१.६ मिळाले, टाच तीन मिलिमीटर आत आली. चूक माझी होती, मी बेचक मोजलीच नव्हती.

तेव्हापासून टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर वजन देऊन, भिंतीपासून बेचक्यापर्यंत मोजतो. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय मोजतो आणि मोठा धरतो. मग सोलच्या भोकापासून मागच्या कडेपर्यंत पट्टी लावतो. मागे तीन ते आठ मिलिमीटर उरले की बस्स. बसल्या बसल्या पाय घालून "बरोबर आहे" म्हणणाऱ्या घाईच्या गिऱ्हाइकाला मी दहा पावलं चालायलाच लावतो.

"जरा मोठीच द्या, मुलगा वाढतोय" हेही नको. लांब सोल जिन्यात अडकतो.

कोल्हापुरी चामडं वापरून सैल पडतं, पण ते रुंदीत. टाच बाहेर असेल तर ती बाहेरच राहणार.

फोमची स्लीपर उन्हात गाडीत ठेवू नका, ती आकसते. गेल्या वर्षीची घट्ट वाटली, तर पायाआधी तिचा सोल मोजून बघा.