टेस्ट केस लिहिताना या चुका टाळा: ‘योग्य मेसेज’ म्हणजे नेमका कोणता?

लोकलच्या तिकिटांच्या एका अ‍ॅपसाठी लिहिलेली ही टेस्ट केस पाहा: ‘वॉलेटमध्ये पैसे कमी असताना तिकीट काढा. अपेक्षित निकाल: योग्य मेसेज दिसावा.’ लिहिणाऱ्याला फीचर तोंडपाठ असतं, म्हणून त्याला ही केस पुरेशी वाटते. चालवणारा मात्र पहिल्याच ओळीला अडतो. कमी म्हणजे किती? मग तो अंदाजाने शिल्लक शून्य ठेवतो, मेसेज येतो, केस पास होते. ₹9 शिल्लक असताना ₹10 चं तिकीट निघत असेल, तर तो दोष तसाच राहतो.

तीच केस अशी लिहा:

पूर्वअट: टेस्ट सर्व्हरवर दादर ते ठाणे सेकंड क्लासचं भाडं ₹10. युजर लॉगिन केलेला. वॉलेटमध्ये ₹9. ‘माझी तिकिटे’ रिकामी. अ‍ॅपची भाषा मराठी.

पायऱ्या:
1. ‘तिकीट काढा’ दाबा.
2. ‘कुठून’मध्ये दादर, ‘कुठे’मध्ये ठाणे निवडा.
3. सेकंड क्लास, एकेरी प्रवास, 1 प्रवासी निवडा.
4. ‘वॉलेटमधून पैसे द्या’ दाबा.

अपेक्षित निकाल: ‘शिल्लक अपुरी आहे’ हा मेसेज दिसतो. शिल्लक ₹9 च राहते. ‘माझी तिकिटे’मध्ये तिकीट येत नाही.

शेवटची दोन वाक्यं हमखास राहून जातात, आणि खरा धोका तिथेच असतो: मेसेज बरोबर येतो, पण मागे पैसे कापले जातात. काय घडायला नको आणि ते कुठे पाहायचं, हे दोन्ही लिहा.

मेसेजचे शब्द चालू अ‍ॅपवरून उतरवू नका. अ‍ॅपमध्येच चुकीचा मेसेज असेल, तर तुमची केस त्या चुकीलाच पास करेल. शब्द रिक्वायरमेंटमधून घ्या. तिथे नसतील, तर केस लिहिण्याआधीच विचारून घ्या. भाषा पूर्वअटीत हवी ती याचसाठी: इंग्रजी अ‍ॅपवर हा मेसेज दिसणारच नाही.

‘आधी टेस्ट केस 14 चालवा’ ही पूर्वअट तर टाळाच. केस 14 अडकली की ही केसही अडकते. हवी ती स्थिती थेट लिहा आणि ती कशी आणायची तेही सांगा, उदाहरणार्थ ‘अ‍ॅडमिन पॅनलमधून शिल्लक ₹9 करा’. केस फेल झाली तर शिल्लक बदललेली असू शकते. ही ओळ असली की दुसऱ्यांदा चालवणारा फसत नाही.

तपशिलाचा अतिरेकही नको. बटण निळं आहे, उजवीकडे आहे असं लिहिलंत, तर पुढच्या डिझाइनला केस उगाच मोडते. बटणावरचं नाव पुरतं.

केस झाली की ती फीचर न पाहिलेल्या सहकाऱ्याला द्या आणि त्याच्या शेजारी गप्प बसा. त्याने काही विचारलं तर तोंडी उत्तर देऊ नका, ते उत्तर केसमध्ये लिहा.