पिच डेकमधलं बाजाराचं आणि नफ्याचं गणित मराठीत कसं मांडावं

वाशीच्या एपीएमसीत गाळा असलेला व्यापारी किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला कारखानदार स्टार्टअपमध्ये पैसे घालायचा विचार करतो, तेव्हा त्याला धंद्याचं गणित शिकवावं लागत नाही. तो अडतो ते मांडणीपाशी. म्हणून 'मार्केट साइझ' आणि 'युनिट इकॉनॉमिक्स' या दोन स्लाइड मराठीत नेताना आधी आकडे नीट लावावेत, शब्द नंतर.

समजा, आपली कंपनी वाशीहून भाजी उचलून ठाणे-नवी मुंबईतल्या हॉटेलांना पोचवते. पुढचे सगळे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत.

मूळ स्लाइडवर मोठ्या अक्षरात १.२ बिलियन डॉलरचा बाजार लिहिलाय. हे १२० कोटी डॉलर झाले. डॉलरला ८५ रुपये धरले तर १०,२०० कोटी रुपये. कोणता दर धरला आणि कोणत्या तारखेचा, हे खाली बारीक अक्षरात लिहावं. एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. घाईत मिलियनचे थेट लाख होतात आणि बाजार दहापट आक्रसतो. त्यामुळे भाषांतर झालं की प्रत्येक आकडा उलटा गुणून मूळ आकड्याशी ताडून पाहावा. 'अब्ज' शब्द चुकीचा नाही, पण व्यवहारात माणसं कोटीतच मोजतात, तेव्हा कोटीच ठेवावेत.

खरं तर हा देशभराचा आकडा वाशीत बसलेल्या माणसाच्या फार कामाचा नसतो. त्याला खालून वर बांधलेला हिशोब द्यावा: आपल्या टप्प्यात ३,००० हॉटेलं, प्रत्येकाची महिन्याला ४८,००० रुपयांची भाजी, म्हणजे वर्षाला सुमारे १७३ कोटी. तीन वर्षांत त्यातली १५० हॉटेलं धरली तर ८.६४ कोटी. टॅम, सॅम, सॉम ही नावं गाळून 'एकूण बाजार', 'आपल्या टप्प्यातला बाजार' आणि 'तीन वर्षांत मिळेल तेवढा' असं सरळ लिहावं. शिवाय ही उलाढाल आहे, नफा नाही, हेही त्याच स्लाइडवर लिहावं. नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो आणि आपण काही लपवतोय असं वाटतं.

दुसऱ्या स्लाइडवर खरी कसरत आहे. इंग्रजी डेकमध्ये 'कॉन्ट्रिब्युशन मार्जिन ६.२५ टक्के' असेल, म्हणजे ऑर्डरमागचे सगळे खर्च वजा जाऊन विक्रीतला उरलेला भाग. व्यापाऱ्याच्या तोंडी मार्जिन म्हणजे खरेदी आणि विक्रीतला फरक, आणि तो इथे २० टक्के निघतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि बैठक तिथेच अडकते. यावर उपाय म्हणजे टक्का बाजूला ठेवून एका ऑर्डरचा हिशोब ओळीने लिहायचा:

विक्री २,४०० रुपये
भाजीची खरेदी १,९२०
टेम्पो आणि हमाली १९०
सडणं-वाया जाणं १२०
पॅकिंग आणि इतर २०
हातात उरले १५०

महिन्याला वीस ऑर्डर, म्हणजे एका हॉटेलमागे ३,००० रुपये. नवीन हॉटेल जोडायला ९,००० खर्च येत असेल, तर तो तीन महिन्यांत वसूल होतो. 'सीएसी पेबॅक' म्हणतात तो हाच. एवढं एक वाक्य पुरे. 'एलटीव्ही', म्हणजे एक हॉटेल टिकेपर्यंत एकूण किती मिळवून देतं तो आकडा, मात्र जपून लिहावा. दर महिन्याला शंभरातली पाच हॉटेलं सोडून जातात असं धरलं, की सूत्राने एक हॉटेल सरासरी वीस महिने टिकतं आणि ६०,००० रुपये देतं. पण कंपनीच आठ महिन्यांची असेल, तर वीस महिने अजून कोणी पाहिलेलेच नाहीत. तिथे 'अंदाज' असा शब्द हवा आणि शेजारी आजवर प्रत्यक्ष किती हॉटेलं टिकली तो आकडा हवा.

आता इंग्रजी डेकच्या या स्लाइडवर बहुधा नसलेली, पण मराठीत घालायलाच हवी अशी ओळ म्हणजे उधारी. हॉटेल २१ दिवसांनी पैसे देतं आणि भाजीवाल्याला आपण रोख देतो असं धरू. महिन्याच्या ४८,००० पैकी ३३,६०० रुपये कायम बिलांत अडकलेले राहतात. १५० हॉटेलांना तेच ५०.४ लाख. आणि या १५० हॉटेलांमधून वर्षाला हातात उरणार ५४ लाख, तेही ऑफिसचं भाडं आणि पगार जायच्या आधी. ही जोडी पाहिल्यावर गुंतवणूकदार पैसे नक्की कुठे लागणार ते विचारेल. उत्तर तयार ठेवावं: उधारी कमी करायचा काय बेत आहे, आणि मागितलेल्या रकमेतला किती भाग त्यात जाईल.

हे आकडे मूळ डेकमध्येही घालावेत. करारमदार बहुतेक इंग्रजीतच होतात; तिथे वेगळा आकडा दिसला तर कोणीही बिचकेल. दोन्ही डेकवर एकच तारीख टाकावी, आणि एक्सेलमध्ये आकडा बदलला की दोन्हीकडे बदलावा. शेवटी स्टार्टअपशी संबंध नसलेल्या एखाद्या हिशोबनीसाला स्लाइड वाचायला द्यावी आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: एका ऑर्डरला किती उरतात, आणि किती पैसे अडकतात. तो कॅल्क्युलेटर न काढता बोलला नाही, तर ती स्लाइड पुन्हा लिहावी.