लग्न मे महिन्यात, कर नोव्हेंबरात: मंगल कार्यालयाच्या बयाण्यावरचा जीएसटी

परभणीत कर सल्लागाराचं काम करताना एक वाक्य मी दर हंगामात ऐकतो. कार्यालयाचे मालक समोर बसतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, लग्न अजून लागलंच नाही, मग टॅक्स कशाचा?" विचारणाऱ्याची चूक नसते. त्यांच्या शेजारी खत-बियाण्याचं दुकान असतं आणि तो दुकानदार ॲडव्हान्सवर एक रुपयाही कर भरत नाही. दुकानदाराचंही बरोबर असतं. 15 नोव्हेंबर 2017 च्या अधिसूचनेने मालाच्या आगाऊ रकमेवर त्याच वेळी कर भरण्यातून सूट दिली. ती सूट फक्त मालाला आहे, सेवेला ती कधीच मिळाली नाही. हॉल भाड्याने देणं ही सेवा आहे, म्हणून बयाणा हातात पडला की तेवढ्यापुरता कर लागू होतो.

कायद्यात याला पुरवठ्याची वेळ म्हणतात आणि सेवेसाठी ती कलम 13 मध्ये आहे. बिल मुदतीत काढलं असेल तर बिलाची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख, या दोन्हींत जी आधी ती धरायची. मुदत म्हणजे सेवा दिल्यापासून 30 दिवस. मुदत चुकली तर बिलाच्या जागी सेवा दिल्याची तारीख येते. मंगल कार्यालयाच्या धंद्यात पैसे जवळजवळ नेहमीच आधी येतात, त्यामुळे आपल्याला लागते ती पैसे मिळाल्याची तारीख.

आता एक बुकिंग धरून शेवटपर्यंत जाऊ. आकडे माझे आहेत, पण व्यवहार रोजचाच आहे.

2026 मध्ये 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, म्हणून मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातल्या तारखांवर उड्या पडतात. सुपारी फुटली की मुलीकडचे आधी कार्यालय अडकवतात. असंच एक कुटुंब 28 नोव्हेंबर 2025 ला, शुक्रवारी, 6 मेची तारीख पक्की करायला आलं. भाडं करासहित 1,77,000 रुपये ठरलं. बयाणा म्हणून 50,000 चा चेक दिला. मालकांनी त्याच दिवशी रोजकीर्दीत नोंद केली. चेक वटून पैसे खात्यात आले 2 डिसेंबरला.

पहिलं काम: महिना ठरवा

हा बयाणा नोव्हेंबरचा की डिसेंबरचा? पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे तुमच्या वहीत नोंद झाल्याची तारीख किंवा बँकेत जमा झाल्याची तारीख, यातली आधीची. वहीत 28 नोव्हेंबर आहे, म्हणून कर नोव्हेंबरचा. बँकेचं स्टेटमेंट बघून महिना ठरवणारे इथेच फसतात. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांतले चेक वेगळे काढून वहीशी ताडून बघा, बाकीच्यांत सहसा घोळ होत नाही.

त्याच वेळी आणखी एक बघायचं: आलेली सगळी रक्कम बयाणाच आहे का? बरीच कार्यालयं खुर्च्या-भांड्यांच्या मोडतोडीसाठी पाच-दहा हजार अनामत घेतात आणि लग्नानंतर परत करतात. परत करायची अनामत ही सेवेची किंमत धरली जात नाही, त्यामुळे तिच्यावर कर नाही. पण मोडतोडीचे किंवा भाड्याचे पैसे त्यातून कापून घेतले की कापलेली रक्कम किंमत होते. म्हणून अनामतीची पावती वेगळी फाडा आणि वहीत तिचं खातं वेगळं ठेवा. एकाच पावतीवर "60,000 मिळाले" लिहिलं असेल, तर त्यातले 10,000 अनामत होते हे दोन वर्षांनी अधिकाऱ्यासमोर सांगणं फार जड जातं.

दुसरं काम: रकमेतून कर बाहेर काढा

भाडं करासहित ठरलं आहे, म्हणजे 50,000 मध्ये कर आधीच बसलेला आहे. दर 18 टक्के. अनेक जण 50,000 चे 18 टक्के म्हणजे 9,000 काढतात आणि खिशातून जास्त भरतात. खरा हिशेब असा:

```
कर = रक्कम × 18 ÷ 118
50,000 × 18 ÷ 118 = 7,627.12
करपात्र रक्कम = 50,000 − 7,627.12 = 42,372.88
```

कराचे दोन सारखे भाग, सीजीएसटी 3,813.56 आणि एसजीएसटी 3,813.56. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या मालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वऱ्हाड बिदरचं असो की निजामाबादचं, कर हाच राहतो. हॉलच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे इमारत जिथे उभी आहे ते. पत्ता परराज्यातला दिसला म्हणून आयजीएसटी लावू नका.

तिसरं काम: रिसीट व्हाउचर द्या

बहुतेक कार्यालयांत दुकानातून आणलेलं छापील पावतीबुक असतं. त्यावर नाव, रक्कम आणि सही एवढंच असतं. आगाऊ रकमेसाठी कायद्याने मागितलेला कागद म्हणजे रिसीट व्हाउचर. त्यावर तुमचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, पावतीचा सलग क्रमांक, तारीख, ग्राहकाचा तपशील, सेवेचं वर्णन, आलेली रक्कम, कराचा दर, कराची रक्कम, पुरवठ्याचं ठिकाण आणि सही हवी. वर्णनात "6 मे 2026, विवाहासाठी हॉल भाडे" असं तारखेसकट लिहा. बिल काढताना कोणता बयाणा कोणत्या लग्नाचा हे त्या एका ओळीवरून सापडतं.

हे बिल नव्हे, हे ग्राहकालाही सांगा. एखादी कंपनी विक्रेत्यांच्या मेळाव्यासाठी हॉल घेते आणि या व्हाउचरवर कराचं क्रेडिट मागते. ते क्रेडिट सेवा मिळाल्यावर, टॅक्स इन्व्हॉइसवरच मिळतं.

चौथं काम: नोव्हेंबरच्या रिटर्नमध्ये दाखवा

GSTR-1 मध्ये तक्ता 11A आहे, आगाऊ रकमेसाठीच. त्यात पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र, दर 18 टक्के आणि कर वगळून रक्कम 42,372.88. महिनाभरातले असे सगळे बयाणे एकत्र बेरजेने जातात, ग्राहकवार नाही. म्हणून तपशिलाची यादी तुमच्याकडे हवी. बयाणा आणि बिल एकाच महिन्यातले असतील तर ते 11A मध्ये घालायचं नाही, थेट बिलच दाखवायचं. तिमाही रिटर्नवाल्यांसाठी हेच तिमाहीला लागू.

मासिक भरणाऱ्याची GSTR-1 ची मुदत 11 डिसेंबर. मग GSTR-3B च्या 3.1(a) मध्ये हेच 42,372.88 इतर विक्रीत मिळवून 20 डिसेंबरपर्यंत कर भरायचा.

पाचवं काम: मे महिन्यात वजा करा

हे सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि विसरलं की एकाच रकमेवर दोनदा कर जातो. 6 मेला लग्न लागलं, उरलेले 1,27,000 आले. बिल पूर्ण रकमेचं काढायचं: 1,50,000 आणि त्यावर कर 27,000. उरलेल्या रकमेचंच बिल काढण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती मोडा. GSTR-1 मध्ये बिल पूर्ण जातं आणि त्याच महिन्याच्या तक्ता 11B मध्ये आधीचे 42,372.88 समायोजित म्हणून दाखवायचे. GSTR-3B मध्ये वजाबाकी होऊन 1,07,627.12 राहतात, त्यावर कर 19,372.88. नोव्हेंबरचे 7,627.12 आणि हे मिळून बरोबर 27,000.

यासाठी एक साधी वही पुरते. पाच रकाने आखा: व्हाउचर क्रमांक, लग्नाची तारीख, करपात्र रक्कम, 11A चा महिना, 11B चा महिना. शेवटचा रकाना रिकामा असलेल्या ओळींची बेरीज म्हणजे तुमच्याकडे शिल्लक असलेले बयाणे. 31 मार्चला ताळेबंदात ग्राहकांची आगाऊ रक्कम म्हणून येणारा आकडा कर वगळून या बेरजेशी जुळला पाहिजे. ताळेबंदात आगाऊ रक्कम लाखांत आणि वर्षभर 11A कोरा, हे तपासणाऱ्याला पहिल्याच पानावर दिसतं.

बयाण्यावर कर भरलाच नाही तर

समजा मालकांनी सगळा कर मेच्या रिटर्नमध्ये, 20 जूनला भरला. कर बुडाला नाही, पण 7,627 रुपये 21 डिसेंबरपासून 182 दिवस उशिरा गेले. वार्षिक 18 टक्क्यांनी व्याज साधारण 685 रुपये. एका बुकिंगला ही रक्कम किरकोळ वाटते, पण हंगामात चाळीस बुकिंग असतील तर ती 27,000 च्या पुढे जाते. चूक लक्षात आली की मे महिन्याची वाट बघू नका. पुढच्याच रिटर्नमध्ये राहिलेला बयाणा 11A मध्ये घ्या आणि झालेल्या दिवसांचं व्याज भरून टाका.

लग्न मोडलं तर

हा प्रसंग कुणावर येऊ नये, पण येतो. धरा, फेब्रुवारीत सोयरीक फिस्कटली. मालकांनी 40,000 परत दिले आणि तारीख अडवल्याबद्दल 10,000 ठेवले. इथे दोन कागद निघतात. परत केलेल्या 40,000 साठी रिफंड व्हाउचर, मूळ रिसीट व्हाउचरचा क्रमांक घालून. ठेवलेल्या 10,000 साठी बिल, कारण रद्द करण्याच्या आकारावर मूळ सेवेच्याच दराने कर लागतो, असं 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. त्या 10,000 मध्ये करपात्र 8,474.58 आणि कर 1,525.42. हे बिल GSTR-1 मध्ये आणि तेवढीच करपात्र रक्कम 11B मध्ये, म्हणजे नवा कर काही लागत नाही.

राहिला परत केलेल्या रकमेतला कर, 6,101.69. बिलच निघालेलं नसल्याने इथे क्रेडिट नोट चालत नाही. एप्रिल 2020 च्या परिपत्रकाने दिलेला रस्ता असा: पोर्टलवर RFD-01 हा अर्ज, जास्त भरलेल्या कराचा परतावा या प्रकाराखाली. परताव्याला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे. अर्जासोबत रिसीट व्हाउचर, रिफंड व्हाउचर आणि पैसे परत गेल्याचं बँकेचं पान लागेल. म्हणून बयाणा परत करताना, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी, रोख देऊ नका, त्याच्या खात्यावर पाठवा.