बरोबर 60 सेकंदांनी तुटणारी जोडणी

सांगलीच्या हळद बाजारातील अडते आणि शेतकरी यांच्यासाठी मी तयार केलेल्या अ‍ॅपमधील संवाद सुरुवातीला पोलिंगवर चालत होता. प्रत्येक फोन दर 5 सेकंदांनी सर्व्हरकडे विचारणा करी. 300 फोन उघडे असले की सेकंदाला 60 विनंत्या येत आणि बहुतेकींचे उत्तर 'नवीन काही नाही' एवढेच असे. तयार संदेशसेवेचाही विचार केला, परंतु एकाच वेळी जोडलेल्या फोनांच्या संख्येनुसार वाढणारे शुल्क ऐन हंगामात परवडणारे नव्हते, म्हणून फोन आणि सर्व्हर यांच्यातील जोडणी सतत उघडी ठेवणारा वेबसॉकेट निवडला.

चाचणीत सारे सुरळीत होते. प्रत्यक्षात मात्र थोडा वेळ कोणी काही लिहिले नाही की पुढचे संदेश पोहोचेनासे होत. लॉगमध्ये जोडणी प्रत्येक वेळी सर्व्हरच्या शेवटच्या संदेशानंतर 60 सेकंदांनी तुटलेली दिसली, आणि त्या नेमक्या आकड्यानेच कारण उघड केले: फोन आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसवलेल्या एनजिनएक्स या प्रॉक्सीमधील `proxy_read_timeout` चे, म्हणजे सर्व्हरकडून काहीच न आल्यास किती वेळ थांबायचे या मर्यादेचे, मूळ मूल्य तेवढेच असते. सर्व्हरकडून दर 25 सेकंदांनी पिंग हा जोडणी जागी ठेवणारा छोटा संकेत पाठवू लागल्यावर हा प्रकार थांबला.

तरीही फोनचे नेटवर्क बदलले की जोडणी तुटणारच, आणि त्या खंडात भावाचा एखादा संदेश हरवणे मला मान्य नव्हते. म्हणून प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक दिला. पुन्हा जोडणी होताच फोन आपल्याकडील शेवटचा क्रमांक कळवतो आणि त्यापुढचे संदेश सर्व्हर डेटाबेसमधून देतो. अ‍ॅप बंद असताना सॉकेटही बंदच असतो, तेव्हा सूचनांपुरती तयार पुश सेवाच वापरतो.