लिलाव झालेल्या दागिन्यांचा फरक कसा मागितला

परळची चाळ सोडून आम्ही डोंबिवलीला आलो तेव्हा पत्ता बदलल्याचा अर्ज मी, जिच्याकडे आईच्या बांगड्या तारण ठेवून कर्ज घेतलं होतं त्या कंपनीच्या दादरच्या शाखेत दिला होता. पोचही घेतली होती. तरी लिलावाची नोटीस चाळीच्या पत्त्यावर गेली आणि परत आली. आईच्या बांगड्या गेल्याचं मला एसएमएसवरून कळलं. त्या रात्री आई जेवली नाही.

पत्र लिहिण्याआधी मी कंपनीकडून लेखी हिशेब मागवला: लिलावाची तारीख, राखीव किंमत, जाहिरातीची कात्रणं, आलेली रक्कम. वजन तारण पावतीवर होतंच, निव्वळ 48 ग्रॅम, 22 कॅरेट. लिलावाआधीच्या तीस दिवसांचा सराफा संघटनेचा सरासरी दर ग्रॅमला 6,600 रुपये. म्हणजे किंमत 3,16,800. कंपनीने विकलं 2,50,000 ला. तेव्हाच्या नियमाने राखीव किंमत सरासरीच्या 85 टक्क्यांखाली नको, म्हणजे 2,69,280. इथेच त्यांची चूक कागदावर आली.

पत्रात मी दोनच मुद्दे ठेवले. करार कायद्याच्या कलम 176 प्रमाणे विक्रीची वाजवी सूचना मिळाली नाही; आणि फरकाचे 66,800 रुपये द्या. कर्ज वळतं केल्यावर उरलेली रक्कम वेगळी मागितली. घडणावळ धरली नाही, ती मूल्यांकनात येत नाही.

रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार केली. तडजोडीत 58,000 मिळाले. बांगड्या नाही मिळाल्या.