‘एकच व्हिडिओ आहे की!’: क्रूचा करार आणि डिलिव्हरेबल्सची यादी करताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं काम होतं. तीन मिनिटांची कंपनी फिल्म, दोन दिवसांचं शूट, ठरलेली रक्कम 1,10,000 रुपये. मालक म्हणाले, “एकच व्हिडिओ आहे की, त्याला एवढा कागद कशाला?” आम्हीही मान डोलावली. कोटेशनमध्ये एकच ओळ लिहिली, ‘कंपनी प्रोफाइल व्हिडिओ, 3 मिनिटे’, आणि खाली सही.

काम संपेपर्यंत त्या एका ओळीतून नऊ फाइली बाहेर पडल्या. मूळ फिल्म मराठीत ठरली होती. तीच कन्नडमध्ये हवी झाली, कारण कामगार आणि सरकारी पाहुणे, आणि इंग्रजीत हवी झाली, कारण परदेशी गिऱ्हाईक. मग या तिन्ही भाषांत तीस सेकंदांचे तुकडे आले. प्रदर्शनातल्या स्टॉलवर दिवसभर फिरवायला, आवाजाशिवाय आणि इंग्रजी सबटायटलसह, एक फाइल लागली. शेवटी मोबाइलसाठी उभ्या दोन, मराठी आणि कन्नड. यातलं काहीही गैरवाजवी नव्हतं. बेळगावात धंदा करणाऱ्या माणसाला तीन भाषा लागतातच. चूक आमची, विचारलं नाही.

हिशेब असा बसला. एडिटरशी 20,000 ठरले होते, एका फिल्मचे. त्याने जादा 18,000 मागितले, रास्तच होते. कन्नड आवाजाचे 6,000 आणि इंग्रजीचे 8,000. म्हणजे 32,000 वर गेले. सगळा खर्च जाऊन आमच्याकडे 35,000 उरायचे होते, उरले 3,000. पैसे मागायला गेलो तर मालक शांतपणे म्हणाले, “व्हिडिओ तर तोच आहे.” त्यांच्या हातातल्या कागदाप्रमाणे ते खोटं बोलत नव्हते.

पहिली चूक: यादीत ‘व्हिडिओ’ लिहिणं, फाइल न लिहिणं

तेव्हापासून मी डिलिव्हरेबल्सच्या, म्हणजे गिऱ्हाईकाला द्यायच्या फाइलींच्या, यादीत प्रत्येक फाइलची वेगळी ओळ लिहितो. ओळीत पाच गोष्टी येतात: कशासाठी, किती लांबीची, कोणत्या भाषेत, कोणत्या आकारात, आवाज आणि अक्षरं कशी. त्या फौंड्रीच्या यादीतल्या दोन ओळी अशा असायला हव्या होत्या:

```
3. मूळ फिल्म, कन्नड, 3 मि. (+10 से. चालेल), 1920x1080, MP4, कन्नड आवाज व कन्नड अक्षरे
7. प्रदर्शनासाठी, 3 मि., 1920x1080, MP4, आवाज नाही, इंग्रजी सबटायटल पक्की छापलेली
```

कंसातले दहा सेकंद उगाच नाहीत. भाषा बदलली की वाक्याची लांबी बदलते. मराठीत बसलेलं निवेदन दुसऱ्या भाषेत त्याच शॉटवर बसेल याची खात्री नसते, आणि मग एडिटरला शॉट ताणावे लागतात. यादीत मुभा ठेवली नसेल तर ‘तीन मिनिटं म्हणाला होतात’ ऐकून घ्यावं लागतं.

कन्नड अक्षरांसाठी आणखी एक वाक्य यादीत हवंच: मजकूर गिऱ्हाईक युनिकोडमध्ये टाइप करून देईल, शुद्धलेखन तपासून लेखी होकारही तेच देतील. इथल्या बऱ्याच ऑफिसांत जुना मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पडलेला असतो. तो उचलून एडिटिंगमध्ये टाकला की पडद्यावर भलतीच चिन्हं येतात. आणि एडिटरला कन्नड वाचता येत नसेल तर जोडाक्षर तुटलेलं त्याला कळतही नाही. आमच्या फिल्ममध्ये एका विभागाचं नाव असंच तुटलं होतं. ते पकडलं कारखान्याच्या सिक्युरिटीवाल्या अण्णांनी, तेही फाइल दिल्यानंतर.

दुसरी चूक: यादी गिऱ्हाईकापुरती ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. यादी गिऱ्हाईकाशी झालेल्या करारात राहते आणि कॅमेरामनला फोनवर फक्त ‘दोन दिवस, उद्यमबाग’ एवढंच कळतं.

त्या शूटमध्ये भट्टीतून वितळलेलं लोखंड साच्यात ओततानाचा शॉट सुंदर आला होता. डाव्या टोकाला लोखंड ओतायचं भांडं म्हणजे लॅडल, उजव्या टोकाला साच्यांची रांग, मधे ठिणग्या. आडव्या चौकटीत बघत राहावं असा. उभ्या फाइलसाठी मधला तुकडा कापला तर उरल्या नुसत्या ठिणग्या, ना ओतणारा ना साचा. उभी फाइल लागणार हे कॅमेरामनला आधी माहीत असतं तर त्याने मुख्य गोष्ट मधल्या पट्ट्यात ठेवली असती किंवा तोच शॉट दुसऱ्यांदा घेतला असता. नंतर ते दुरुस्त होत नाही. भट्टी पुन्हा आपल्यासाठी पेटत नाही.

म्हणून क्रूच्या करारात यादीचं पान जोडायचंच, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला लागू असलेल्या ओळींचे क्रमांक. एडिटर: 1 ते 9. कन्नड निवेदक: 3, 6, 9. असं लिहिलं की दोन गोष्टी आपोआप उघड होतात. एखाद्या ओळीपुढे कुणाचंच नाव नसेल तर ते काम तुमच्या उरावर येणार आहे. आणि गिऱ्हाईकाने दहावी ओळ वाढवली तर कुणाचे पैसे वाढतात हे लगेच दिसतं. जादा फाइलचा दर त्याच पानावर खाली लिहून ठेवावा, म्हणजे नंतर घासाघीस होत नाही.

तिसरी चूक: ‘दिवसाचे इतके’

दिवस म्हणजे किती, हे लिहिलेलं नसतं. आमचा कॅमेरामन कोल्हापूरहून यायचा. त्याचा दिवस कोल्हापूर सोडल्यापासून सुरू झाला, माझा कारखान्याच्या गेटवर. त्या कारखान्यात ओतकाम संध्याकाळी सातनंतर व्हायचं, हे शूटआधी जागा बघायला गेलो तेव्हा विचारलं नव्हतं. सकाळी आठला आलेली माणसं रात्री दहापर्यंत उभी होती. त्यांनी दीड दिवसाचे पैसे मागितले आणि मला नाही म्हणता येईना.

आता असं लिहितो: दिवस म्हणजे गेटवर पोचल्यापासून 10 तास, जेवणाची सुट्टी धरून. पुढच्या प्रत्येक तासाला दिवसाच्या दराचा दहावा भाग. प्रवासाचे पैसे आणि वेळ वेगळे. शूट आदल्या दिवशी रद्द झालं किंवा जागेवर गेल्यावर वीज नाही, मशीन बंद, असं निघालं तर अर्ध्या दिवसाचे पैसे. ही शेवटची अट गिऱ्हाईकाच्या करारातही त्याच शब्दांत हवी, नाहीतर मशीन त्यांचं बंद आणि भुर्दंड आपल्याला.

कॅमेरा आणि लेन्स ज्याची, जबाबदारी त्याची असा आपल्याकडे तोंडी रिवाज आहे. फौंड्रीत तो टिकत नाही. ठिणगी उडून लेन्सचं काच गेलं तर कोण भरणार, हे आधी लिहा. सेफ्टी शूज आणि हेल्मेट कोण देणार, हेही त्याच ओळीत.

चौथी चूक: ‘फायनल झाल्यावर पैसे’

फायनल कोण म्हणणार? थोरले मालक हो म्हणाले, धाकट्यांना संगीत बदलायचं होतं, मार्केटिंगच्या बाईंना जुना लोगो काढायचा होता. तीन दिशांनी व्हॉट्सॲपवर दुरुस्त्या आल्या, त्यातल्या दोन एकमेकींच्या उलट.

करारात मंजुरी देणाऱ्या एकाच माणसाचं नाव घाला. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या द्या आणि फेरी म्हणजे काय ते लिहा: त्या माणसाकडून, एकाच मेलमध्ये, मिनिट-सेकंद टाकून आलेली यादी. दुरुस्ती आधी फक्त मूळ मराठी फिल्मवर. ती मंजूर झाल्याशिवाय बाकीच्या आठ फाइलींना हात लावायचा नाही, नाहीतर एक शॉट बदलला की नऊ ठिकाणी बदलावा लागतो. ड्राफ्ट पाठवल्यापासून सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर धरला जाईल, हेही हवं. हप्ते मी 40, 40, 20 टक्के असे पाडतो: शूटआधी, पहिल्या ड्राफ्टवर आणि फाइली देताना. रक्कम टीडीएस कापण्याआधीची आहे, आणि जीएसटी लागत असेल तर तो वेगळा, एवढं आकड्याशेजारीच लिहून टाकावं.

पाचवी चूक: हक्कांबद्दल गप्प बसणं

कॉपीराइट कायदा 1957 मध्ये कलम 17 आहे. कुणी मोबदला देऊन आपल्यासाठी फिल्म करून घेतली आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तिचा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे आपण काही लिहिलं नाही तर मालकी गिऱ्हाईकाची. ‘कच्चं फुटेजही आमचंच’ असा वाद मग इथूनच उभा राहतो. फुटेज देणार की नाही, देणार तर किती पैशात आणि हार्ड डिस्क कुणाची, आपण ते किती महिने जपून ठेवणार, हे यादीच्या शेवटच्या ओळीत यावं. मी सहा महिने लिहितो.

संगीत आणि संहिता ही फिल्मच्या आतली वेगळी कामं आहेत. ती करणारे तुमचे पगारी नोकर नसतात, म्हणून त्यांच्याकडून हक्क लेखी घ्यावे लागतात. इथे कलम 19 आडवं येतं. हक्क दिल्याच्या कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमची इंग्रजी फिल्म परदेशी गिऱ्हाईकांसाठी होती आणि संगीतकाराच्या कागदावर प्रदेशच नव्हता. गिऱ्हाईकाला जे जगभर वापरायला देताय, ते आधी तुमच्या हातात जगभरासाठी आलेलं असलं पाहिजे.

गुप्ततेचंही तसंच. गिऱ्हाईकाने आमच्याकडून लिहून घेतलं होतं की त्यांच्या ग्राहकांचे सुटे भाग बाहेर दिसणार नाहीत. क्रूच्या कागदावर ते नव्हतं. असिस्टंट पोराने हौसेने इन्स्टाग्रामवर रील टाकली, मागे टेबलावर ग्राहकाच्या भागाचं कास्टिंग आणि त्याची ड्रॉइंग. तासाभरात मालकांचा फोन. पोराची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कागद न करता काम सुरू झालं असेल तर

आजच रात्री बसून ठरलेलं सगळं एका मेलमध्ये लिहा: फाइलींची यादी, रक्कम, हप्ते, फेऱ्या. शेवटी ‘हे बरोबर असल्यास उत्तर द्यावे’. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10ए प्रमाणे करार निव्वळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून तो फेटाळता येत नाही, त्यामुळे साधं ‘ओके, मान्य’ उत्तरही कामाचं असतं. क्रूलाही दिवस, तास आणि दर असेच कळवून होकार घ्या. हक्कांना मात्र हे पुरत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 ला हक्क देणाऱ्याची सही लागते. म्हणून संगीतकार आणि संहितालेखक यांच्याकडे एक पान घेऊन जायचं, त्यावर मुदत आणि प्रदेश भरायचा आणि शेवटचा चेक देण्याआधी सही घ्यायची. चेक दिल्यानंतर आमचा संगीतकार तीन आठवडे फोनवर “येतो की उद्या” म्हणत होता.